होस्टाइल म्यूकस: मुलुंडच्या फायलीतले तीन रिपोर्ट

मागच्या लेखाखाली एका वाचकाने विचारलं होतं, की वंध्यत्वाच्या उपचारांचा इतिहास लिहायला साधनं मिळतात कुठे? हॉस्पिटलांच्या जुन्या नोंदी बऱ्याचदा रद्दीत गेलेल्या असतात. जर्नलांत आकडे मिळतात, माणसं मिळत नाहीत. माझं बरंचसं साहित्य निघतं ते लोकांच्या घरातल्या कपाटांतून. आजचा लेख तसाच एका फायलीवर आहे. मुलुंड पूर्वेला माझ्या मावशीच्या बिल्डिंगमध्ये राहणाऱ्या एका काकूंची ही फाइल. त्यांनी वापरायची परवानगी दिली आहे, नाव मात्र नको म्हणाल्या. डॉक्टर आणि दवाखान्यांची नावंही मी लिहीत नाही.

फाइल १९८४-८५ची. लग्नाला तेव्हा पाच वर्षं झाली होती. आत आहेत काकांचा वीर्यतपासणीचा एक रिपोर्ट, काकूंच्या दोन तपासण्यांचे रिपोर्ट, काही प्रिस्क्रिप्शनं, आणि कालनिर्णयची फाडलेली पानं, त्यांवर पाळीच्या तारखांभोवती पेनाने गोल केलेले. काकूंच्या दोन्ही रिपोर्टांच्या तळाशी एकाच हस्ताक्षरात एकच निदान आहे: होस्टाइल म्यूकस. शब्दशः अर्थ, शत्रुत्व धरणारा स्राव.

काकू म्हणाल्या, "मला सांगितलं होतं, की तुमच्या शरीराला ह्यांचं बीज सोसत नाही. आत गेलं की मारून टाकतं. सासूबाईंनी ते दारावर पाटी लावल्यासारखं सगळ्यांना सांगितलं. आता तू शिकतेस ना त्यातलं, तर बघून सांग मला, खरंच तसं होतं का?"

चाळीस वर्षं वाट पाहिलेला प्रश्न आहे हा. उत्तर द्यायचं तर ही तपासणी आली कुठून इथून सुरुवात करावी लागते.

गर्भाशयाच्या तोंडाशी, म्हणजे ग्रीवेत, एक चिकट स्राव असतो. महिन्यातले बहुतेक दिवस तो घट्ट असतो आणि शुक्राणूंना आत सोडत नाही. स्त्रीबीज सुटायच्या आधीच्या तीन-चार दिवसांत इस्ट्रोजेन वाढतं, तसा तो अंड्यातल्या पांढऱ्या बलकासारखा पातळ, पारदर्शक आणि लवचीक होतो. दोन काचांमध्ये धरून ताणला तर आठ-दहा सेंटिमीटरची तार निघते. काचेवर वाळू दिला तर मायक्रोस्कोपखाली नेच्याच्या पानांसारखी नक्षी दिसते. या दिवसांत शुक्राणू त्यातून पोहून वर जातात. स्त्रीबीज सुटल्यावर एक-दोन दिवसांतच दार पुन्हा बंद.

संबंधानंतर हा स्राव काढून त्यात जिवंत शुक्राणू आहेत का हे पाहण्याची कल्पना अमेरिकन सर्जन जे. मॅरियन सिम्स यांनी १८६६च्या आपल्या पुस्तकात मांडली. (हे तेच सिम्स, ज्यांनी गुलाम स्त्रियांवर भूल न देता शस्त्रक्रिया केल्या. त्यांच्यावर वेगळं लिहायचं आहे.) पुढे न्यूयॉर्कच्या मॅक्स ह्यूनर यांनी १९१३च्या पुस्तकात तिची पद्धत बसवली आणि ती सिम्स-ह्यूनर टेस्ट म्हणून जगभर गेली. आपल्याकडे डॉक्टर तिला पीसीटी म्हणत, पोस्ट-कॉइटल टेस्ट. रात्री संबंध, सकाळी दवाखाना, बिनसुईच्या सिरिंजने ग्रीवेतला थोडा स्राव ओढायचा, काचपट्टीवर ठेवायचा आणि एका दृश्यक्षेत्रात पुढे पोहणारे शुक्राणू किती ते मोजायचं. स्वस्त, भूल नाही, चिरफाड नाही. एक मायक्रोस्कोप असला की झालं.

कागदावर सोपी आहे. काकूंच्या घरात ती कशी झाली तेही ऐका. दीड खोलीचं घर, सासू-सासरे आणि धाकटा दीर. डॉक्टरांनी तारीख दिलेली. काका भांडुपच्या कारखान्यात, त्या आठवड्यात नेमकी रात्रपाळी, म्हणून खाडा करावा लागला. पहाटे उठून, न आंघोळ करता, सकाळी साडेसातची लोकल पकडून काकू घाटकोपरला पोचल्या आणि दोन तास बाकावर बसल्या. "बायकांच्या डब्यात उभी होते आणि सगळ्या जगाला कळलंय असं वाटत होतं," त्या म्हणाल्या. हुकमाने केलेल्या संबंधात काही पुरुषांना वीर्यस्खलन होतच नाही, आणि मग स्रावात शुक्राणू सापडत नाहीत हेही त्या काळच्या डॉक्टरांना ठाऊक होतं. रिपोर्टात ते लिहायला रकाना मात्र नसे.

आता पहिला रिपोर्ट बघू. "पाळीचा दिवस: १३. स्राव घट्ट, तार २ सेंमी. नक्षी नाही. शुक्राणू: दोन, न हलणारे." निदान, होस्टाइल म्यूकस.

काकूंची कालनिर्णयची पानं मी टेबलावर ओळीने मांडली. गोल मोजले. पाळ्यांमधलं अंतर ३४, ३६, ३५, ३७, ३५ दिवस. स्त्रीबीज सुटतं ते पुढच्या पाळीच्या साधारण चौदा दिवस आधी. म्हणजे २८ दिवसांची पाळी असलेल्या बाईला चौदाव्या दिवसाच्या आसपास, पण काकूंना एकविसाव्या-बाविसाव्या दिवशी. तेराव्या दिवशी त्यांचा स्राव घट्टच असणार होता. दोन सेंटिमीटरची तार आणि नक्षी नसणं ही चुकीच्या दिवशी तपासणी झाल्याची खूण आहे, तीही रिपोर्टातच लिहिलेली. दार अजून उघडायचं होतं आणि नोंद झाली की घरमालकीण भांडकुदळ आहे.

वाईट पीसीटीचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच, चुकलेला दिवस. दुसरं कारण क्लोमिफीन. स्त्रीबीज तयार व्हावं म्हणून त्या काळी या गोळ्या सर्रास देत, आणि त्या इस्ट्रोजेनचा परिणाम अडवत असल्याने काही बायकांत स्राव उलट घट्ट होतो. म्हणजे उपचारच तपासणी बिघडवायचा. काकूंना तोवर क्लोमिफीन दिलेलं नव्हतं, हे प्रिस्क्रिप्शनांवरून मी तपासून घेतलं.

इथे लेख संपला असता तर बरं झालं असतं. पण फायलीत दुसरा रिपोर्ट आहे, तीन महिन्यांनंतरचा. या वेळी कोणीतरी शहाणपणाने दिवस बदलला होता. "दिवस: २०. स्राव पातळ, तार ९ सेंमी. नक्षी भरपूर. शुक्राणू: दर क्षेत्रात ८ ते १०. बहुतेक जागच्या जागी थरथरणारे. पुढे जाणारे ०-१."

म्हणजे दिवस बरोबर, स्राव उत्तम, शुक्राणू पोचलेले, जिवंत, पण अडकलेले. जागच्या जागी थरथरतायत. चाळीस वर्षांपूर्वीच्या त्या तंत्रज्ञाने हा शब्द लिहून ठेवला याबद्दल मी त्याची ऋणी आहे, कारण या एका शब्दापाशी गोष्ट स्रावाकडून अँटिबॉडीकडे वळते.

शुक्राणूंविरुद्ध शरीर अँटिबॉडी, मराठीत प्रतिपिंडं, बनवू शकतं हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीलाच प्राण्यांमध्ये दिसलं होतं. माणसाच्या बाबतीत कलाटणी आली १९५४ साली. अॅमस्टरडॅममध्ये फिलिप र्‍यूम्के आणि अमेरिकेत लिओ विल्सन, दोघांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे दाखवलं की काही वंध्य पुरुषांच्या रक्तद्रवात शुक्राणूंच्या गुठळ्या करणाऱ्या अँटिबॉडी असतात. स्वतःच्याच शुक्राणूंविरुद्ध! ऐकायला विचित्र वाटतं, पण कारण साधं आहे. आपली रोगप्रतिकारशक्ती 'आपलं कोण आणि परकं कोण' हे लहानपणीच शिकून घेते. शुक्राणू येतात वयात आल्यावर. तोवर वर्ग सुटलेला असतो. म्हणून वृषणात शुक्राणू आणि रक्त यांच्यामध्ये शरीराने एक घट्ट भिंत ठेवली आहे. ती भिंत किंवा पुढची नळी कुठे फुटली, मार लागला, जंतुसंसर्ग झाला, शस्त्रक्रियेत नळी चिरडली गेली, की शुक्राणू रक्तातल्या पेशींच्या नजरेला पडतात आणि त्या त्यांना परकं समजतात.

या गोष्टीत मुंबईचा एक मोठा, जवळपास विसरलेला धडा आहे. साठच्या दशकात नसबंदीची मोहीम जोरात होती. महापालिकेच्या कुटुंब नियोजनाचं काम पाहणाऱ्या डॉ. डी. एन. पै यांनी तर रेल्वे स्थानकांवरच नसबंदीची केंद्रं उघडली. लोकलमधून उतरलेला माणूस छोटी शस्त्रक्रिया करून घेऊन घरी. नसबंदीत शुक्रवाहिनी कापून बांधतात, पण वृषण शुक्राणू बनवायचं थांबवत नाही. ते साठतात, फुटतात, शोषले जातात. म्हणजे हजारो निरोगी पुरुषांमध्ये ती भिंत मुद्दाम, ठरलेल्या तारखेला भेदली जात होती. संशोधकाच्या दृष्टीने हा प्रचंड नैसर्गिक प्रयोग होता, आणि तो दादर-घाटकोपरच्या गर्दीत चालू होता.

१९६४ साली 'जर्नल ऑफ रिप्रॉडक्शन अँड फर्टिलिटी'त मुंबईच्या ए. एम. फडके आणि पडुकोण यांचा निबंध आला. विषय, शुक्रवाहिनी बंद असलेल्या पुरुषांच्या रक्तातल्या शुक्राणूविरोधी अँटिबॉडी आणि त्यांचा अर्थ. आज या विषयावरच्या आढाव्यांत अगदी सुरुवातीच्या नावांत हे नाव येतं. नंतर इतर देशांतल्या अभ्यासांनी तेच दाखवलं, की नसबंदीनंतर निम्म्याहून अधिक पुरुषांच्या रक्तात या अँटिबॉडी तयार होतात.

मग तीन वर्षांनी, १९६७ साली, मुंबईच्याच जी. एम. फडके आणि ए. जी. फडके यांनी 'जर्नल ऑफ युरॉलॉजी'त नसबंदी उलटवण्याचा आपला अनुभव छापला. कापलेली नळी पुन्हा जोडायची. मूल दगावलं, दुसरं लग्न झालं, अशा पुरुषांसाठी ही शस्त्रक्रिया. ७६ रुग्ण होते. ८३ टक्क्यांच्या वीर्यात शुक्राणू परत आले. गर्भधारणा मात्र ५५ टक्क्यांच्याच घरी झाली. त्या काळासाठी हा निकाल उत्तम होता, पण माझं लक्ष जातं ते दोन आकड्यांमधल्या फटीकडे. नळी उघडली, शुक्राणू आले, तरी दर चार जोडप्यांत एकाच्या आसपास गाडी पुढे गेली नाही. का? काहींमध्ये शुक्राणूंची संख्या कमी असेल, काहींमध्ये बायकोचं काही कारण असेल, काही जोडप्यांना वेळच पुरेसा मिळाला नसेल. आणि काहींमध्ये अँटिबॉडी.

पण ती फट उलटीकडूनही वाचायला हवी, आणि बहुतेक लोक तिथेच चुकले. नसबंदी झालेल्या निम्म्याहून अधिक पुरुषांत जर अँटिबॉडी असतील आणि तरीही जोडून घेतल्यावर निम्म्याहून अधिकांना मुलं होत असतील, तर रक्तात अँटिबॉडी सापडणं म्हणजे वंध्यत्व, असं म्हणताच येत नाही. अनेक पुरुष अँटिबॉडी बाळगूनही बाप झाले. माझ्या मते या सगळ्या विषयाचं सार मुंबईच्या या दोन निबंधांच्या मध्ये पडलेलं होतं. ते नीट उचललं गेलं असतं, तर पुढची वीस वर्षं बऱ्याच बायकांचा त्रास वाचला असता.

झालं उलटंच. १९६४ सालीच अमेरिकेत फ्रँकलिन आणि ड्यूक्स यांनी लिहिलं, की कारण न सापडलेल्या वंध्यत्वात बहुसंख्य बायकांच्या रक्तात शुक्राणूंच्या गुठळ्या करणारं काहीतरी सापडतं, मुलं असलेल्या बायकांत ते क्वचितच. त्यांनी उपायही सुचवला. काही महिने निरोध वापरा, म्हणजे शुक्राणूंशी संपर्क तुटेल, अँटिबॉडी उतरतील, मग मूल राहील. त्यांच्या थोड्या रुग्णांत राहिलंही. पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. ज्यांनी काहीच केलं नाही अशांपैकी किती जणींना तेवढ्याच काळात दिवस गेले असते, हे कोणी मोजलं नाही. नंतरच्या अभ्यासांत बायकांच्या रक्तातल्या या गुठळ्यांचा आणि मूल न होण्याचा संबंध टिकला नाही, कारण गुठळ्या करणारे पदार्थ रक्तात इतरही असतात. पण तोवर सल्ला जगभर गेला होता आणि मुलुंडपर्यंत पोचला होता.

काकूंचं पुढचं प्रिस्क्रिप्शन: निरोध सहा महिने. सोबत प्रेडनिसोलोन, काकूंना.

"मूल हवं म्हणून डॉक्टरकडे गेलो आणि त्यांनी निरोध दिला. हे हसले होते तेव्हा," काकू म्हणाल्या. "गोळ्यांनी माझा चेहरा सुजला. सासूबाईंना वाटलं दिवस गेले."

त्या थरथरण्याकडे परत येऊ. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनमध्ये क्रेमर आणि यागर यांनी सत्तरच्या दशकात हे कोडं सोडवलं. त्यांनी १९७६ साली एक सोपी टेस्ट दिली. काचपट्टीवर स्रावाचा थेंब, शेजारी वीर्याचा थेंब, दोन्ही मिसळायचे, अर्ध्या तासाने बघायचं. अँटिबॉडी नसतील तर शुक्राणू पोहत राहतात. असतील तर ते थरथरत जागीच राहतात. कारण असं, की आयजीए नावाच्या अँटिबॉडीचं एक टोक शुक्राणूला चिकटतं आणि दुसरं टोक स्रावातल्या चिकट धाग्यांना. शेपटी हलत राहते, पण माणूस काटेरी तारेत अडकावा तसं होतं.

आणि आता खरी गंमत, किंवा शोकांतिका म्हणा. थरथरणं दिसलं म्हणजे अँटिबॉडी असाव्यात इतकंच कळतं. त्या कुणाच्या, हे कळत नाही. त्या बायकोच्या स्रावात असू शकतात, किंवा नवऱ्याच्या शुक्राणूंवर आधीच चिकटलेल्या असू शकतात. ओळखायचं तर अदलाबदल करावी लागते. बायकोच्या स्रावात दुसऱ्या एखाद्या सिद्ध पुरुषाचे शुक्राणू, आणि नवऱ्याचे शुक्राणू दुसऱ्या बाईच्या स्रावात. दुसऱ्याचे शुक्राणू काकूंच्या स्रावात मजेत पोहले असते, तर काकू सुटल्या. काकांचे शुक्राणू परक्या स्रावातही थरथरले असते, तर कारण काकांकडे. फायलीत अशी अदलाबदल कुठेच नाही. बाईच्या शरीरातून काढलेल्या थेंबात काहीतरी दिसलं, म्हणून ते बाईचं. निदानाच्या नावातच निकाल होता.

मग मी काकांचा रिपोर्ट उघडला, जो सगळ्यांनी 'नॉर्मल' म्हणून बाजूला ठेवला होता. संख्या चांगली, हालचाल ठीक. आणि खाली, बारीक अक्षरात: "गुठळ्या: ++". हालणारे शुक्राणू एकमेकांना चिकटलेले.

गुठळ्या म्हणजे अँटिबॉडी असं सरळ समीकरण नाही. जंतुसंसर्गातही शुक्राणू चिकटतात, आणि वीर्यातल्या मृत पेशी किंवा कचऱ्याला चिकटलेले शुक्राणू तर यात धरतच नाहीत. पण हालणारे शुक्राणू एकमेकांना डोक्याला डोकं, शेपटीला शेपटी असे चिकटलेले दिसले, की अँटिबॉडीचा संशय घ्यायचा, हे र्‍यूम्केच्या काळापासून माहीत होतं. १९७८ साली ग्रोनिंगेनच्याच गटाने त्यासाठी मार टेस्ट आणली. अँटिबॉडीचं आवरण दिलेल्या तांबड्या पेशी (आता लॅटेक्सचे मणी) वीर्यात मिसळायच्या, जोडायला एक द्रव घालायचा, आणि किती हालत्या शुक्राणूंना मणी चिकटले ते मोजायचं. निम्म्याहून अधिकांना चिकटले तर ते अर्थपूर्ण मानायचं, असा जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तिकेतला बरीच वर्षं चाललेला दंडक. मणी कुठे चिकटले हेही बघतात. नुसते शेपटीच्या टोकाला असतील तर फारसं बिघडत नाही.

मी काकूंना विचारलं, "काकांचं कधी ऑपरेशन झालं होतं का? खाली कुठे?"

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. "हर्नियाचं झालं होतं. गावाला. सहा-सात वर्षांचे असताना, दोन्ही बाजूंचं. का गं?"

लहान मुलाच्या हर्नियाच्या शस्त्रक्रियेत शुक्रवाहिनी अगदी शेजारी असते. ती चिमटली जाऊ शकते, आणि पुढे अँटिबॉडी होण्याची जी कारणं सांगतात त्यात हे एक आहे. दोन मिनिटांचा प्रश्न. फायलीत कुठेही विचारल्याची खूण नाही.

तर उपचारांनी फायदा होतो का? काकूंना दिलेल्या दोन्ही गोष्टींचं उत्तर आज बऱ्यापैकी स्पष्ट आहे. निरोधाच्या उपायाला पुराव्याचा आधार राहिलेला नाही. सहा महिने मूल न होण्याची खात्री मात्र त्यात असते, आणि वय वाढतं. स्टेरॉइडची कथा जरा गुंतागुंतीची आहे आणि ती मुख्यतः पुरुषांची आहे. १९८७ साली हास आणि मँगानिएलो यांनी अँटिबॉडी असलेल्या पुरुषांना मोठ्या मात्रेत मिथाइलप्रेडनिसोलोन किंवा साखरेची गोळी दिली. गर्भधारणेत ठोस फरक नाही. १९९० साली लंडनच्या हेंड्री यांच्या गटाने 'लॅन्सेट'मध्ये वेगळा निकाल छापला. पुरुषाने बायकोच्या पाळीच्या पहिल्या दहा दिवसांत प्रेडनिसोलोन २० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा आणि पुढे दोन दिवस ५ मिलिग्रॅम घ्यायचं, असे नऊ महिने, आणि तेवढेच महिने साखरेची गोळी. औषधाच्या काळात ९ बायकांना दिवस गेले, साखरेच्या काळात २ जणींना.

म्हणजे फायदा होतो? या एका प्रयोगात झाला. पण याच हेंड्रींनी १९८२ साली मोठ्या मात्रेत स्टेरॉइड घेतलेल्या रुग्णाच्या खुब्याच्या दोन्ही हाडांची डोकी मेल्याचं नोंदवलं होतं. शिवाय पोटाचे व्रण, साखर, मनाची चलबिचल. एका निरोगी तिशीतल्या पुरुषाला नऊ महिने स्टेरॉइड द्यायचं ते इतक्या डळमळीत फायद्यासाठी? ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या मार्गदर्शिकेने स्पष्ट लिहिलं आहे, की या अँटिबॉडींचा अर्थ अनिश्चित आहे आणि स्टेरॉइडचा उपयोगही अनिश्चित. काकूंना, म्हणजे बाईला, स्टेरॉइड देण्याला तर याहून कमी आधार होता.

पीसीटीचा निकाल १९९८ साली लागला. नेदरलँड्समध्ये ऑइ आणि सहकाऱ्यांनी ४४४ जोडप्यांना चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटलं, एकात पीसीटी करायची, दुसऱ्यात नाही. दोन वर्षांनी गर्भधारणा ४९ टक्के आणि ४८ टक्के. फरक शून्य. पण टेस्ट झालेल्या गटात उपचार जास्त दिले गेले, ५४ टक्क्यांना, दुसऱ्यात ४१. टेस्टने मुलं वाढली नाहीत, उपचार वाढले. त्यानंतर युरोप-अमेरिकेच्या मार्गदर्शिकांनी ती नेहमीच्या तपासणीतून काढली. अँटिबॉडीची टेस्टही सुरुवातीलाच करू नका, असं अमेरिकन संघटनांचं २०२०चं म्हणणं.

कारण मधल्या काळात रस्ताच बदलला. स्राव अडवत असेल तर त्याला वळसा घाला. धुतलेले शुक्राणू नळीने थेट गर्भाशयात सोडायचे, म्हणजे आययूआय. परळच्या प्रजनन संशोधन संस्थेचे टी. सी. आनंद कुमार आणि केईएमच्या इंदिरा हिंदुजा यांच्या कामातून ऑगस्ट १९८६मध्ये केईएममध्ये मुंबईचं टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं. काकूंची फाइल त्याआधी वर्षभर बंद झाली होती. आणि १९९२ साली ब्रसेल्समधून इक्सी आलं, एकच शुक्राणू सुईने स्त्रीबीजात सोडायचा. तिथे तो पोहू शकतो का, स्त्रीबीजाला चिकटू शकतो का, हे प्रश्नच उरत नाहीत. अँटिबॉडी असल्या-नसल्याने आयव्हीएफ-इक्सीतल्या गर्भधारणेत फारसा फरक पडत नाही, असं एकत्र केलेले अभ्यास सांगतात. म्हणून आज बोरिवली-अंधेरीच्या एखाद्या सेंटरमध्ये विचाराल तर उत्तर येईल, अँटिबॉडी असो वा नसो, करायचं तेच आहे. हे बहुतांशी खरं आहे. पण आययूआय धुण्याने चिकटलेल्या अँटिबॉडी निघत नाहीत, त्यामुळे जिथे जवळजवळ सगळेच शुक्राणू बांधलेले आहेत तिथे आययूआयचे फेरे वाया जाऊ शकतात. अशा जोडप्याला मार टेस्टचा उपयोग आहे: वीर्यात गुठळ्या दिसत असतील, नसबंदी उलटवलेली असेल, हर्निया किंवा वृषणाला मार लागल्याचा इतिहास असेल, आणि निर्णय बदलणार असेल तर. सरसकट रक्ताची टेस्ट करून बायकोच्या हातात कागद ठेवायला नाही.

दोन आठवड्यांनी मी पुन्हा मुलुंडला गेले. काका बाहेरच्या खोलीत मॅच बघत होते. मी काकूंना जे इथे लिहिलं तेच सांगितलं. पहिली तपासणी चुकीच्या दिवशी झाली, तिच्यावरून काहीच म्हणता येत नाही. दुसरीवरून अँटिबॉडीचा संशय योग्य होता. पण त्या कुणाच्या हे कोणी तपासलंच नाही, आणि काकांच्या रिपोर्टातल्या गुठळ्या आणि हर्निया पाहता संशय तिकडे जास्त जातो. खात्री आज कुणालाही देता येणार नाही, आणि अँटिबॉडी हेच कारण होतं असंही नाही. कितीतरी जोडप्यांना त्या असून मुलं होतात.

"म्हणजे माझ्यात शत्रू नव्हता," काकू म्हणाल्या.

"फायलीत तरी तसं काही नाही."

त्यांनी काकांचा रिपोर्ट हातात घेतला, चष्मा लावला आणि त्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं. मग बाहेर टीव्हीच्या दिशेने बघून हळूच म्हणाल्या, "ह्यांना सांगू नकोस. आता कशाला." कालनिर्णयची पानं त्यांनी परत मागून घेतली. रिपोर्टांच्या झेरॉक्स माझ्याकडे आहेत.